लॅपटॉपमुळे बाळ गेलं नव्हतं



गेल्या महिन्यात वाय-फायचा राउटर घरात कुठे लावावा, यावर लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांचे फोन आले. त्यातला एक फोन इंदूरहून, माझ्या मावसबहिणीचा होता. राउटरचं निमित्त होतं, पण तिला विचारायचं वेगळंच होतं.

"ताई, मला दिवस गेलेत. आठवा आठवडा चालू आहे. मी नोकरी सोडू का?"

ती एका ऑफिसचं हिशेबाचं काम घरून करते, रोज सात-आठ तास लॅपटॉपवर. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात तिचं मिसकॅरेज झालं. तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाई सहज म्हणून गेल्या, "दिवसभर ते यंत्र मांडीवर घेऊन बसायची, दुसरं काय होणार!" बोलणाऱ्या विसरल्या असतील. ही दोन वर्षं ते वाक्य मनात घेऊन बसली होती. आता पुन्हा दिवस राहिल्यावर घरात मायक्रोवेव्हचा प्लग काढून ठेवलाय, मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत जातो, आणि 'किरणांपासून रक्षण' करणारा पोटाचा पट्टा मागवायचा विचार चाललाय. ती म्हणाली, "तू इंजिनियर आहेस ना, मला खरं काय ते सांग. मागच्या वेळी माझीच चूक होती का?"

मी डॉक्टर नाही. पण माझं बीई इलेक्ट्रॉनिक्सचं आहे, त्यामुळे यंत्रातून काय बाहेर पडतं हे मला कळतं. माझ्या वेळी, पोटावर लॅपटॉप टेकत नाही इतकं पोट वाढेपर्यंत मीही काम केलंय, आणि तेव्हा हेच प्रश्न मलाही पडले होते. तिला जे सांगितलं, ते तिची परवानगी घेऊन, नाव न देता इथे लिहितेय.

आधी 'रेडिएशन' या शब्दाकडे बघू, कारण सगळी भीती त्या शब्दात आहे. एक्स-रे, सीटी स्कॅन यांचे किरण इतके जोरदार असतात की ते पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात, डीएनएला इजा करू शकतात. म्हणून गरोदर बाईने एक्स-रेच्या आधी 'मला दिवस आहेत' हे सांगायचंच असतं. मोबाइल, वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह यांच्या लहरी मात्र त्या जातीच्या नाहीत. त्या रेडिओ लहरी आहेत. मायक्रोवेव्हच्या लहरीच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, तिच्या सुमारे दोन लाख पट ऊर्जा ट्यूबलाइटच्या उजेडाच्या एका कणात असते. उजेडाने जे बंध तुटत नाहीत, ते या लहरींनी तुटत नाहीत. मग एकावर एक कितीही लहरी पडू देत, बंध तुटायची सुरुवातच होत नाही. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा, की आपल्या वापरात ही यंत्रं शरीर किती तापवतात?

मोबाइल पूर्ण जोर लावून बोलत असतो तेव्हा तो साधारण ०.२ वॉट इतकी शक्ती बाहेर टाकतो. आपलं शरीर नुसतं बसल्या बसल्या ८० ते १०० वॉट उष्णता तयार करतं. मोबाइलची ती ०.२ वॉट चारी दिशांना पसरते, आणि शरीरात जी शिरते तिची उष्णता रक्तप्रवाह वाहून नेतो. बाळ तर त्याच्याही आत, गर्भजलात असतं.

आता माझ्या बहिणीचा खरा प्रश्न, लॅपटॉप आणि मिसकॅरेज. तुम्हाला वाटेल हा आजचा प्रश्न आहे, पण तो आपल्या आयांच्या पिढीतला आहे. १९८०च्या सुमारास ऑफिसांमध्ये कॉम्प्युटरचे पडदे आले. जुन्या टीव्हीसारखे, मागे मोठं पोट असलेले. त्यांना तेव्हा व्हीडीटी म्हणत. त्याच वर्षी कॅनडात टोरांटोच्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात, पडद्यावर काम करणाऱ्या सात गरोदर स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांत जन्मजात दोष निघाले. इतर काही कचेऱ्यांमधूनही मिसकॅरेज एकाच ठिकाणी जास्त झाल्याच्या बातम्या आल्या. साहजिकच घबराट पसरली.

अशा बातम्यांचा एक घोळ असतो. हजारो कचेऱ्यांमध्ये लाखो बायका काम करत असतील, तर कुठेतरी नुसत्या योगायोगानेही चार-पाच दुर्दैवी घटना एकत्र येणारच. वीस नाणी हजारदा उडवली तर कधीतरी बरेच छापे एकदम पडतात, तसंच. ज्या कचेरीत सगळं नीट झालं तिची बातमी होत नाही. म्हणून अशा बातमीवरून शंका घेता येते, निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी मोजदाद करावी लागते.

एक मोठी मोजदाद १९८८ साली कॅलिफोर्नियातून आली. १,५८३ गरोदर स्त्रियांचा तो अभ्यास होता. त्यात पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला २० तासांहून जास्त पडद्यावर काम करणाऱ्यांमध्ये मिसकॅरेजचं प्रमाण जास्त दिसलं. झालं, लोकांना वाटलं सिद्ध झालं! पण नीट बघितल्यावर कळलं, की ही वाढ कारकुनी काम करणाऱ्या बायकांमध्ये होती. अधिकारी किंवा तज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्यांमध्ये, तितकेच तास पडद्यासमोर असूनही, ती दिसत नव्हती. पडद्यातून काही निघत असतं तर त्याने समोर बसलेल्या बाईचा हुद्दा विचारला नसता. म्हणजे कारण कामाच्या ताणात असेल, परिस्थितीत असेल, किंवा आठवणीत असेल. कारण किती तास काम केलं, हे बायकांना नंतर आठवून सांगायचं होतं. ज्या आईचं बाळ गेलंय ती प्रत्येक तास आठवते. जिचं बाळ कुशीत आहे, ती 'असेल थोडं काम' म्हणून सोडून देते. माझ्या बहिणीकडेच बघा ना. दोन वर्षांपूर्वी ती रोज कितीला बसायची आणि कितीला उठायची, हे तिला तोंडपाठ आहे.

मग अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायोशने, एक फार सुबक अभ्यास केला. तो १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्यांनी टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांचे दोन गट घेतले. एक गट चौकशी विभागाचा. कोणाचा नंबर काय, हे त्या दिवसभर व्हीडीटीवर बघून सांगायच्या. दुसरा गट कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटरांचा. त्यांच्यासमोरही आकडे दाखवणारं यंत्र असायचं, पण ते लहान दिव्यांचं, मोठ्या काचेच्या नळीचं नव्हे. बाकी सगळं सारखं. तसंच बसून काम, तसेच कानाला हेडफोन, तसलीच शिफ्ट. फरक फक्त पडद्याचा. आम्ही कोडमधली चूक शोधताना हेच करतो. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

त्यांनी २,४३० स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या ७३० जणींची ८७६ गर्भारपणं अभ्यासाच्या अटीत बसली. आणि कामाचे तास आठवणीवर सोडले नाहीत, कंपनीच्या नोंदींवरून घेतले. उत्तर असं आलं. पडद्यावर काम करणाऱ्यांमध्ये मिसकॅरेजचं प्रमाण १४.८ टक्के होतं आणि पडद्याशिवाय काम करणाऱ्यांमध्ये १५.९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आठवड्याचे तास वाढले म्हणून धोका वाढला, असंही दिसलं नाही.

हे आकडे मी बहिणीला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा फरक नाही हे दाखवायला. दुसऱ्यांदा दुसऱ्या गटाचा आकडा दाखवायला. ज्या बायका पडद्याला शिवल्याही नव्हत्या, त्यांच्यातही शंभरात जवळपास सोळा गर्भारपणं टिकली नाहीत. एवढं मिसकॅरेज होतंच, कॉम्प्युटर येण्याआधीपासून होतंय. आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जिचं होतं तिला वाटतं आपल्याच बाबतीत झालं. पहिल्या तीन महिन्यांत जी मिसकॅरेज होतात, त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ती चूक बीज तयार होताना किंवा अगदी सुरुवातीच्या दिवसांत झालेली असते, दिवस गेल्याचं कळण्याच्याही आधी. नंतर मांडीवर काय ठेवलं, याने ती होत नाही आणि टळतही नाही.

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं गं."

आणखी एक. ते जुने पडदे आजच्या लॅपटॉपच्या मानाने राक्षस होते. त्यांच्या आत वीसेक हजार व्होल्टचा दाब आणि चुंबकीय वेटोळी असायची, त्यांचं क्षेत्र बाहेरही जाणवायचं. आजच्या चपट्या पडद्यात यातलं काहीच नाही. त्या यंत्रांनीही मिसकॅरेज वाढलं नाही, तर आजच्या लॅपटॉपने वाढेल असं मानायला आधार नाही.

मग लॅपटॉप मांडीवर घ्यायचा का? मी तिला नको म्हटलं, पण कारण वेगळं सांगितलं. लॅपटॉपचा तळ तापतो. तासन् तास मांडीवर ठेवला तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. बाळापर्यंत ती उष्णता पोचत नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीला काळजी असते ती सगळं शरीर आतून तापण्याची, म्हणजे मोठा ताप किंवा फार गरम पाण्यात बराच वेळ बसणं. मांडीवरच्या लॅपटॉपने तसं होत नाही. पण वाकून बसल्याने पाठ धरते, आणि गर्भारपणात सूज येऊन मनगटातली नस दबण्याची तक्रार तशीही वाढते. एका जागी फार वेळ बसल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून लॅपटॉप टेबलावर, पाठीला उशी, आणि तासाभराने उठून घरात एक फेरी. नोकरी सोडायची काही गरज नाही.

मोबाइलबद्दल मात्र उत्तर इतकं सरळ नाही, आणि ते लपवायचंही नाही. २००८ साली डेन्मार्कमधल्या १३ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास आला. गर्भारपणात मोबाइल वापरणाऱ्या आयांच्या मुलांत सातव्या वर्षी वागणुकीच्या तक्रारी जास्त दिसल्या. पण तिथेही आईला मोबाइलचं विचारलं ते मूल सात वर्षांचं झाल्यावर. मूल कसं वागतं हाही प्रश्न त्याच वेळी विचारला. मग २०१७ साली नॉर्वेतून ४५ हजारांवर माय-लेकरांचा अभ्यास आला. तिथे आयांना गर्भारपण चालू असतानाच मोबाइलचं विचारलं होतं. निकाल उलटा! मोबाइल वापरणाऱ्या आयांची मुलं तिसऱ्या वर्षी बोलण्यात मागे नव्हती, उलट थोडी पुढेच होती. आता यावरून कोणी 'बाळ लवकर बोलावं म्हणून मोबाइल वापरा' असा सल्ला देईल का? संशोधकांनीही दिला नाही. बोलक्या आया फोनवर जास्त बोलतात आणि मुलांशीही जास्त बोलतात, असंही असू शकतं. त्याच वर्षी पाच देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा फोनवर खूप बोलणाऱ्या आयांच्या मुलांत चंचलपणा किंचित जास्त दिसला. पण तो लहरींमुळे की आईच्या स्वभावामुळे, की घरातल्या वातावरणामुळे, हे वेगळं काढता आलं नाही.

म्हणून मी तिला असं सांगितलं. मोबाइलच्या लहरींनी बाळाला इजा होते, हे सिद्ध झालेलं नाही. इजा शून्यच आहे, अशी हमी कुठलाच अभ्यास देऊ शकत नाही. पण जवळ ठेवणं टाळणं फुकट आहे, त्यामुळे जमेल तेवढं टाळावं. लांब बोलायचं असेल तर स्पीकर किंवा वायरचे इअरफोन वापर. गाउनच्या खिशात, पोटाला लागून फोन नको. अंतर थोडं वाढलं तरी जोर पुष्कळ कमी होतो. आणि लिफ्टमध्ये, तळघरात, रेंजची एकच दांडी असताना लांबलचक गप्पा नकोत, कारण रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त जोर लावतो. तुमच्या फोनची मर्यादा बघायची असेल तर *#07# डायल करा. एसएआर नावाचा आकडा दिसतो. शरीराचा एक किलो भाग जास्तीत जास्त किती वॉट शोषेल, याचं ते माप आहे. भारतात २०१२पासून ही मर्यादा १.६ आहे. हा आकडा फोन पूर्ण जोरात असतानाचा असतो. रोजच्या वापरात फोन बहुतेक वेळ त्याच्या बराच खाली चालतो.

फोनच्या मागे चिकटवायची 'किरणरोधक' चकती मात्र घेऊ नका. ती काही अडवत नसेल तर पैसे वाया. आणि खरंच अडवत असेल तर फोनला रेंज कमी मिळते आणि तो आणखी जोर लावतो. पोटाच्या पट्ट्याचं म्हणाल, तर जे संकट आहे असं दिसतच नाही, त्याच्यासाठी एवढे हजार कशाला? त्या पैशांत चांगली खुर्ची येते. बहिणीने खुर्चीच घेतली.

राहिला मायक्रोवेव्ह. त्याच्या आत ८००-९०० वॉट असतात, पण ते पत्र्याच्या पेटीत बंद असतात. दाराच्या काचेत जाळी दिसते ना? तिची भोकं मिलिमीटरभर, आणि त्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. इतक्या बारीक भोकांतून त्या निसटू शकत नाहीत. दार उघडलं की आतले खटके वीज तोडतात, आणि लहरी त्याच क्षणी थांबतात, दिवा बंद केल्यावर उजेड थांबावा तशा. त्या अन्नात साठून राहत नाहीत. पाच सेंटिमीटरवर गळती किती चालेल याचं प्रमाण ठरलेलं आहे, आणि हातभर लांब उभं राहिलं तर ती आणखी कितीतरी कमी होते. बघायचं ते एवढंच, की दार वाकलेलं नाही ना, बिजागरी सैल नाही ना, रबरी कडेला अन्नाचा थर बसून दार अर्धवट लागत नाही ना. दार उघडल्यावरही पेटी चालूच राहिली, तर प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

गरोदर बाईला मायक्रोवेव्हचा जो खरा धोका आहे तो वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मायक्रोवेव्ह अन्न सारखं तापवत नाही. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच आत जातात. कालची डाळ फ्रिजमधून काढून दोन मिनिटं फिरवली की कडेला वाफ येते आणि मध्ये ती गारच असते. त्या गार भागात जंतू जिवंत राहतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि गर्भारपणात त्याचा संसर्ग बाळापर्यंत जाऊ शकतो. त्याने मिसकॅरेज होऊ शकतं, हे मात्र सिद्ध आहे. म्हणून अन्न पसरट भांड्यात ठेवा, मध्येच एकदा ढवळा, पुन्हा फिरवा, मिनिटभर तसंच राहू द्या, आणि मधोमध चमचा घालून बघा. सगळीकडून वाफ आली तरच ताटात घ्या. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं असावं.

म्हणजे झालं काय, तर घरात प्लग काढला होता किरणांच्या भीतीने, आणि आदल्या रात्रीची भाजी कढईत कोमट करून खाणं चालूच होतं!

शेवटी तिला एक गोष्ट बजावून सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. गर्भारपणात रक्त जाणं, पोटात सतत दुखणं, ताप येणं, एका पायाला सूज येऊन तो दुखणं, यातलं काहीही झालं तर 'काल फोनवर जास्त बोलले' असं कारण शोधत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. हो, मोबाइलवरूनच. मागच्या वेळी तिने दीड दिवस वाट बघितली होती. ती लवकर गेली असती तर मिसकॅरेज टळलं असतं असं नाही. पण तो दीड दिवस तिने एकटीने, स्वतःला दोष देत काढला. तेवढं तरी टळलं असतं.

परवा तिचा मेसेज आला. अकरावा आठवडा संपला, सोनोग्राफी झाली, ठोके नीट आहेत. सोबत फोटो होता. टेबलावर लॅपटॉप, नवी खुर्ची, आणि पाठीला मावशीने शिवलेली उशी. खाली लिहिलं होतं, 'घरातल्या त्या बाईंनाही तुझा लेख वाचायला देणार आहे.'

दे बाई. त्यांनीही बहुधा कोणाचं तरी असंच एक वाक्य वर्षानुवर्षं मनात ठेवलं असेल.